सात दिवसांत पुसलं जाणारं माप

[दृश्य: इंदूर, रामबाग. घराची पुढची खोली, शिलाई मशीन, कटिंगचं टेबल, हँगरवर जांभळी नऊवारी.]

या खोलीत शिवलेल्या नऊवाऱ्या तयार होतात. घालायला पाच मिनिटं लागतात, काष्टा सुटायची भीती नाही. गुढीपाडवा, गणपती आणि लग्नसराई या तीन हंगामांत काकूंचं मशीन रात्री अकरापर्यंत चालतं. निम्मी गिऱ्हाइकं इंदूरची, बाकीची देवास-उज्जैनकडची, काही थेट पुण्याची. ती इथे येत नाहीत. साडी कुरिअरनं येते आणि मापं व्हॉट्सॲपवर.

मापांबरोबर फोटोही येतात. समोरून एक, बाजूनं एक, अंगाला बसणाऱ्या कपड्यांत. नुसत्या आकड्यांवरून पोटाचा घेर कुठे सुरू होतो ते कळत नाही, म्हणून काकूच ते मागतात. आता असे फोटो दुसऱ्याच्या फोनमध्ये कायमचे पडून राहावेत, असं कोणाला वाटेल? म्हणून बऱ्याच जणी चॅटमध्ये Disappearing messages, म्हणजे मुदत संपली की मेसेज आपोआप पुसला जाण्याची सोय, सुरू करून ठेवतात. २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवस, यांपैकी मुदत निवडायची. बहुतेकींची ७ दिवस. काकूंची याला काही हरकत नाही. उलट त्यांनी स्वतःच्या फोनमधलं फोटो आपोआप डाऊनलोड होणंही बंद केलंय. ते चालू राहिलं तर फोटो चॅटमधून जातो, पण गॅलरीत तसाच राहतो.

अडचण एवढीच, की फोटोंबरोबर मापंही जातात. आणि नऊवारी काही सात दिवसांत शिवून होत नाही.

[दृश्य: वहीचं पान, त्यावर पेन्सिलीनं लिहिलेली मापं.]

एक ऑर्डर बघू. देवासची मुलगी, घरात लग्न. ३ तारखेला तिनं मापं पाठवली: कंबर ३२, सीट ३९, कंबर ते घोटा ३७ इंच. ६ तारखेला तिचा दुसरा मेसेज आला: "काकू, आधी सांगितलं त्यापेक्षा लांबी २ इंच कमी करा, पैंजण दिसायला हवं." साडी कुरिअरनं पोचली ११ तारखेला. कापायला घ्यायची १२ला.

१२ तारखेला चॅटमध्ये काय उरलं असतं? ३ तारखेचा मेसेज १०लाच गेलेला. ६ तारखेचा मात्र १३पर्यंत शाबूत. म्हणजे "२ इंच कमी" दिसतंय, पण कशातून कमी ते नाही. मुदत अख्ख्या चॅटची नसते, प्रत्येक मेसेजची वेगळी असते आणि तो पाठवल्या क्षणापासून मोजली जाते. त्यामुळे एकाच कामाच्या सूचना हप्त्याहप्त्यानं गळतात. सगळं एकदम गेलं असतं तर निदान लक्षात आलं असतं. अर्धवट उरलेलं जास्त फसवं, कारण ते पुरं वाटतं.

आणि १२ तारखेला घाईघाईनं टायमर बंद करून उपयोग नसतो. टायमर सुरू असताना आलेले मेसेज त्यांच्या वेळेला जातातच. बंद केल्याचा फायदा पुढच्या मेसेजना.

[दृश्य: काकू एका हातात फोन धरून दुसऱ्या हातानं लिहितायत.]

काकूंची सवय साधी आहे. मेसेज वाचला, की "हो" म्हणायच्या आधी तो वहीत उतरतो. आधी वही, मग उत्तर. क्रम उलटा झाला की "नंतर लिहू" सुरू होतं, आणि नंतर म्हणजे मशीनवर दुसरीच साडी असते. वहीत ऑर्डरचा नंबर, मेसेजची तारीख, सूचना आणि काम कधी हवंय ते. फोटो उतरवायचा नसतो, त्यातून जे कळलं ते लिहायचं. "पोटाजवळ अर्धा इंच सैल", बस.

दुरुस्ती आली, तर "२ इंच कमी" असं त्या लिहीत नाहीत. ३७वर एक आडवी रेघ मारतात, शेजारी ३५ लिहितात आणि बाजूला ६ तारीख टाकतात. जुना आकडा वाचता येईल इतपत ठेवतात. कारखान्यात वर्षानुवर्षं कटिंग केलेले मास्टरजी कधी मदतीला येतात, त्यांचं म्हणणं असं: "भिया, वजाबाकी कात्री हातात घेऊन नाही करायची."

त्यानंतर उत्तर जातं. नुसता अंगठा नाही, वहीतली ओळ जशीच्या तशी: "कंबर ३२, सीट ३९, घोट्यापर्यंतची लांबी आता ३५. बरोबर?" तिकडून "हो" आलं की वहीत बरोबरची खूण. हे दोन्ही मेसेजही सात दिवसांनी जाणारच आहेत, जाऊ देत. चूक पकडायची ती आजच पकडली गेली. एकदा ३९च्या जागी ३६ वाचलं गेलं होतं, ते असंच समोरून दुरुस्त होऊन आलं.

कोणी विचारेल, एवढं लिहायचं कशाला, स्क्रीनशॉट काढा. काकूंच्या सुनेनं काही दिवस तेच केलं. पण स्क्रीनशॉट गॅलरीत जातो आणि गॅलरीचा बॅकअप चालू असला तर तिथून क्लाउडवर. मापांच्या वरच गिऱ्हाइकाचा फोटो असला, तर तोही त्यात. जे पुसलं जावं म्हणून तिनं टायमर लावला, तेच आपण साठवून बसलो. शिवाय दुरुस्तीचा स्क्रीनशॉट वेगळा, पहिला वेगळा, आणि मधे पन्नास भाजीचे नि नातवाचे फोटो.

व्हॉट्सॲपनं २०२३मध्ये दिलेली कीपची सोय त्यापेक्षा बरी. मेसेजवर बोट दाबून धरा, बुकमार्कची खूण निवडा, तो मुदतीनंतरही राहतो. पाठवणाऱ्याला ते कळतं आणि तो नकोही म्हणू शकतो. तिनं नको म्हटलं की विषय संपला, तो मेसेज परत राखता येत नाही. हे मला रास्त वाटतं, पण म्हणूनच मापांचा भरवसा त्यावर ठेवता येत नाही. पत्ता, कुरिअरचा नंबर अशा गोष्टींना काकू कीप वापरतात. मापं वहीतच.

पुण्याची एक जण व्हॉट्सॲपऐवजी सिग्नल या ॲपवर असते. तिथे आलेल्या मेसेजची मुदत आपण तो वाचल्यापासून सुरू होते, आणि ती काही मिनिटांचीही असू शकते. त्यामुळे वही जवळ नसताना काकू तिचा मेसेज उघडतच नाहीत.

[दृश्य: फोनच्या पडद्यावर, न उघडलेला फोटो.]

हीच गत व्हॉट्सॲपवरच्या एकदाच बघता येणाऱ्या फोटोंची. ब्लाउजच्या गळ्याचा फोटो कोणी तसा पाठवला, तर तो बंद केला की गेला. स्क्रीनशॉट निघत नाही, पुढे पाठवता येत नाही. आणि १४ दिवसांत उघडलाच नाही, तरीही गेला. असा फोटो आला की काकू आधी मशीन थांबवतात, पान काढतात, गळ्याचा कच्चा आकार आखून ठेवतात आणि मग फोटो उघडतात. खोली किती, मागे दोरी की हुक, पायपिंग कुठल्या रंगाचं, हे बघता बघता पेन्सिल चालते. काही सुटलं तर लगेच विचारायचं. ती तेव्हा ऑनलाइन असते, स्वतः पाठवलेला फोटो तिच्या डोक्यात ताजा असतो, आणि "मागे दोरी, बरोबर?" याचं उत्तर मिनिटाभरात येतं.