ग्राहकाने देऊ केलेल्या खासगी कामाला नकार कसा कळवावा

(नाशिक येथे तरुण अभियंत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, आपल्यापैकी बरेच जण सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतात, म्हणून तिथलाच एक प्रसंग सांगतो. यंत्रांची नियंत्रण पॅनेल बनवणाऱ्या एका कंपनीत मी सेवा विभाग सांभाळत होतो. आमच्या विभागातला एक मुलगा अंबडच्या एका कारखान्यात पीएलसीचा प्रोग्रॅम बसवत असे. त्याचे काम आवडल्यामुळे तिथल्या व्यवस्थापकांनी त्याला व्हॉट्सॲपवर लिहिले, की सिन्नरला माझ्या भावाचे छोटे युनिट आहे, दोन रविवार येऊन तिथला प्रोग्रॅम करून द्या, चाळीस हजार रुपये देऊ.

त्याच्या नेमणूकपत्रात स्पष्ट कलम होते, की कंपनीच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे दुसरे कोणतेही काम, मोबदला घेऊन किंवा न घेता, करता येणार नाही. यातले ‘मोबदला न घेता’ हे शब्द नीट वाचा, कारण पैसे नाकारून काम मैत्रीखातर करून दिले की आपण मोकळे झालो, असे पुष्कळांना वाटते.

असे कलम कायद्यासमोर टिकत नाही, असेही काही जण म्हणतात. 1872च्या भारतीय करार कायद्याचे कलम 27 व्यवसायावर बंधन घालणारे करार रद्दबातल ठरवते, हे खरे. पण निरंजन शंकर गोलिकरी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1967 साली स्पष्ट केले, की नोकरीचा करार चालू असताना केवळ त्याच मालकाचे काम करण्याचे बंधन सर्वसाधारणपणे या कलमात येत नाही. नोकरी सुटल्यानंतरच्या बंधनाची गोष्ट वेगळी आहे आणि लोक या दोहोंची गल्लत करतात.

त्या मुलाने पहिले उत्तर पाठवले ते असे : ‘साहेब, सध्या कामाचा फार ताण आहे, जमणार नाही.’ दहाच मिनिटांत उलट निरोप आला, ‘काही घाई नाही, दिवाळीनंतर करू.’ नकाराचे खरे कारण करार असताना वेळेचे कारण पुढे केले, की समोरचा माणूस वेळ वाढवून देतो. पैशाचे केले, तर रक्कम वाढवतो. त्यात त्याचा काहीही दोष नाही, कारण आपण त्याला अडचण सांगितली आणि त्याने ती दूर केली. शिवाय दिवाळी आली, की आपल्याला दुसरे निमित्त शोधावे लागते, आणि तोवर त्याने दुसरा माणूस शोधलेला नसतो. मला हे नुकसान सर्वांत मोठे वाटते.

मग आम्ही बसून दुसरे उत्तर लिहिले. ते जवळजवळ असे होते :

‘नमस्कार साहेब. आपण विश्वासाने विचारलेत, याबद्दल मनापासून आभार. माझ्या नेमणुकीच्या अटींनुसार मला कंपनीबाहेरचे कोणतेही काम घेता येत नाही, त्यामुळे सिन्नरचे काम मी आता किंवा पुढेही खासगीरीत्या करू शकणार नाही. हे मी आधीच स्पष्ट सांगायला हवे होते. आपली इच्छा असेल तर चौकशी कंपनीच्या विक्री विभागाकडे पाठवावी. आपल्या कारखान्यातले चालू काम ठरल्याप्रमाणे पूर्ण होईल.’

यात ‘पुढेही’ हा शब्द मुद्दाम घातला. ‘कंपनीने परवानगी दिली तर नक्की करीन’ असे वाक्य आम्ही काढून टाकले, कारण तो परवानगी मागणारच नव्हता. समोरची व्यक्ती कंपनीचीच ग्राहक असल्याने अशी परवानगी मिळणेही अवघड असते : कंपनीला मिळू शकणारी ऑर्डर कर्मचाऱ्याने स्वतःकडे वळवली, असाच त्याचा अर्थ होतो. याच कारणाने त्याने आपल्या एखाद्या मित्राचे नावही सुचवले नाही. शेवटचे वाक्य चालू कामाबद्दल होते, कारण नकार मिळालेल्या ग्राहकाच्या मनात पहिली शंका तीच येते.

उत्तराची प्रत मला किंवा विक्री विभागाला जोडावी का, असे त्याने विचारले. मी नको म्हटले. त्या गृहस्थांनी खासगीत विचारले होते. त्यांचा निरोप अचानक चार जणांसमोर ठेवला असता, तर त्यांना चोरी पकडल्यासारखे वाटले असते. वरिष्ठाला स्वतंत्रपणे, तोंडी सांगणे पुरेसे होते, आणि ते त्याने केलेच होते. मात्र उत्तर लेखी ठेवले, म्हणजे पुढे कोणी विचारले, तर नेमके काय बोलणे झाले ते दिसते.

व्यवस्थापकांचे उत्तर त्याच संध्याकाळी आले : ‘समजलो, आधी सांगितले असते तर बरे झाले असते.’ नंतर सिन्नरहून रीतसर चौकशी आली, आम्ही दरपत्रक पाठवले, ते चाळीस हजारांपेक्षा बरेच जास्त होते आणि ते काम दुसऱ्याकडे गेले. अंबडच्या कारखान्यात मात्र तोच मुलगा पुढेही जात राहिला.