आधी स्टॉप, मग शेअरची संख्या

(नाशिक येथे नवख्या ट्रेडर्ससमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

खात्यात 40,000 रुपये आहेत असं धरू. वहीच्या पहिल्या पानावर एकच आकडा लिहा: एका सौद्यात जास्तीत जास्त 400 रुपये जातील, म्हणजे एक टक्का. बाकी सगळी योजना या आकड्यातून निघते.

आता एक कल्पित शेअर घेऊ. गेल्या 20 दिवसांचा उच्चांक 308 होता आणि आज तो 309 वर बंद झाला. आपला नियम असा, की बंद भाव उच्चांकाच्या वर गेला तर दुसऱ्या दिवशी 310 च्या आसपास घ्यायचा. 312 च्या वर गेला तर सोडून द्यायचा. अलीकडचा तळ 299 चा आहे, म्हणून स्टॉप, म्हणजे तोटा वाढू नये म्हणून विकून मोकळं व्हायचा भाव, 298 वर. एका शेअरमागे धोका 12 रुपये.

400 ला 12 ने भागलं की 33 शेअर येतात. पण थांबा. डिलिव्हरीत, म्हणजे शेअर त्याच दिवशी न विकता ठेवायचा असेल तेव्हा, खरेदी आणि विक्री दोन्हींवर 0.1 टक्का एसटीटी हा सरकारी कर लागतो, विकताना डीमॅट खात्याचा डीपी चार्ज वेगळा. सगळं मिळून चाळीसेक रुपये धरा. म्हणून 360 भागिले 12, म्हणजे 30 शेअर. नवखे लोक इथे उलटं करतात: आधी 100 शेअर ठरवतात आणि तोटा परवडावा म्हणून स्टॉप 306 वर ओढतात. तो रोजच्या चढउतारातच उडतो.

साधी स्टॉपलॉस ऑर्डर त्या दिवसापुरतीच असते. डिलिव्हरीसाठी जीटीटी लावा, ती दिवस संपला तरी टिकते. तिच्यात ट्रिगर म्हणजे ऑर्डर जागी होण्याचा भाव, लिमिट म्हणजे ज्याच्या खाली विकायचं नाही तो भाव. ट्रिगर 298 आणि लिमिटही 298 ठेवलीत, तर भाव झपकन घसरल्यावर ऑर्डर तशीच लटकते. म्हणून लिमिट 295 द्या. तरीही गॅपवर, म्हणजे भाव एकदम खालीच उघडला तर, इलाज नाही. शनिवारी निर्यातबंदीची बातमी आली तर सोमवारी लासलगावचा लिलाव खालच्याच भावाने सुरू होतो, तसंच हे. शेअर 285 ला उघडला तर 295 ची लिमिट लागणार नाही. मग सकाळी मिळेल त्या भावात स्वतः विकायचा. तिमाही निकालाच्या आदल्या दिवशी सौदा अंगावर ठेवायचा नाही, हेही वहीत लिहा.

आढावा शनिवारी, बाजार बंद असताना. प्रत्येक सौद्यापुढे ठरलेला भाव, प्रत्यक्ष भाव, स्टॉप, विक्री आणि ‘नियम पाळला का’ एवढंच. नफातोटा रुपयांत न मोजता 400 च्या पटीत मोजा: 800 मिळाले तर अधिक दोन.

समजा खरेदी 310 ऐवजी 316 ला झाली. स्टॉप तोच, शेअर तेच, पण धोका 18 गुणिले 30, म्हणजे खर्चाआधीच 540. हा सौदा नफ्यात गेला तरी त्यापुढे ‘नाही’ लिहायचं. मला विचाराल तर हाच रकाना सर्वांत महत्त्वाचा. ‘नाही’ जास्त असतील तर नियमात दोष शोधू नका, नियम अजून तपासलाच गेलेला नाही. नियम पाळलेले 20 सौदे जमेपर्यंत उच्चांकाच्या नियमातल्या 20 दिवसांचे 10 दिवस करायचे नाहीत.