पिंग सरळ का राहत नाही?

नमस्कार श्रोतेहो. घरात १०० एमबीपीएसचा प्लॅन आहे, स्पीड टेस्टचे आकडे झकास येतात, तरी ऑनलाइन गेममध्ये ऐन मोक्याच्या क्षणी पात्र जागच्या जागी गोठतं. ही तक्रार करणाऱ्या बऱ्याच घरांत जुना लॅपटॉप आणि कंपनीनं कनेक्शनसोबत दिलेला साधा, फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा राउटर असतो. अशा जोडीवर पिंग, म्हणजे निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ, स्थिर राहतो का, की केबल लावावीच लागते, याबद्दल आज बोलतो.

खेळाला स्पीड फारसा लागतच नाही. लागतो तो नियमितपणा. व्हॅलोरंट या गेमचंच उदाहरण घ्या. त्याचा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा, म्हणजे साधारण दर ८ मिलिसेकंदांनी खेळाची स्थिती पुढे नेतो. तुमचा निरोप एकदाच १४० मिलिसेकंद अडकला, तर तेवढ्यात सर्व्हर सतरा-अठरा पावलं पुढे गेलेला असतो. सगळा सामना पिंग ४० राहिला तर हात त्याला सरावतो. पण ३५ चा अचानक १४० झाला, तर काही सराव होत नाही.

आता दोष कुठे आहे ते शोधायचं. त्यासाठी गेमचा सर्व्हर नको, आपलाच राउटर तपासायचा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि ipconfig टाइप करा. Default Gateway समोर दिसतो तो राउटरचा पत्ता, बहुधा 192.168.1.1. मग ही आज्ञा द्या:

```
ping -n 100 192.168.1.1
```

पावणेदोन मिनिटांत शंभर उत्तरं येतात. हे रात्री नऊ-दहाला करा, कारण दुपारी शेजारचे राउटर निवांत असतात.

समजा, पंचाण्णव उत्तरं ३ मिलिसेकंदांत आली आणि पाच उत्तरांना १४० लागले. शेवटी सरासरी दिसते जेमतेम ९, आणि माणूस म्हणतो, वायफाय उत्तम आहे! म्हणून Average सोडा, Maximum बघा, आणि मधे कुठे Request timed out आलंय का तेही बघा. गेममधला झटका तिथे सापडतो.

हे पाच आकडे येतात कुठून? वायफायमध्ये एका चॅनेलवर एका वेळी एकानंच बोलायचं असतं. लॅपटॉप आधी कानोसा घेतो आणि हवा मोकळी असेल तरच पाठवतो. पोच आली नाही, तर पुन्हा पाठवतो, बऱ्याचदा वेग कमी करून. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच धरले जातात, १, ६ आणि ११. इमारतीतले वीस राउटर त्या तिघांतच दाटीवाटीनं बसतात. त्यात ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात. लॅपटॉपमधलं जुनं वायफाय कार्ड हळू बोलतं, म्हणून तेवढाच निरोप पाठवायला ते हवा जास्त वेळ अडवतं. आणखी एक खूण सांगतो. झटके ठरावीक अंतरानं येत असतील, तर कार्ड मधूनमधून इतर नेटवर्क शोधायला दुसऱ्या चॅनेलवर जात असण्याची शक्यता मोठी.

आता त्याच राउटरला कॅट ५ई केबल लावा आणि वायफाय बंद करून तीच आज्ञा पुन्हा द्या. ओळीमागून ओळ time<1ms अशी येते. राउटर तोच, लॅपटॉप तोच. साध्या राउटरचं पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं म्हणून काळजी करू नका, गेमला त्याचा लहानसा अंशही पुरतो. केबल १०० मीटरपर्यंत बिनघोर चालते, त्यामुळे हॉलमधून आतल्या खोलीत नेताना लांबीची चिंता नको. दाराच्या फटीत मात्र ती चेपू देऊ नका.

केबल लावूनही गेममधला पिंग उसळला, तर घरात कोणी मोठं काही अपलोड करतंय का ते विचारा. फोनचे फोटो क्लाउडवर चढत असले, की साध्या राउटरमध्ये बाहेर जाणाऱ्या डेटाची रांग लागते आणि गेमचा इवलासा निरोप त्या रांगेत शेवटी उभा राहतो. अपलोड थांबवल्याबरोबर पिंग खाली आला, तर कारण हेच. राउटरच्या सेटिंगमध्ये बँडविड्थ कंट्रोल असेल, तर अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगाहून थोडी कमी ठेवा.

भाड्याच्या घरात केबल ओढता येत नसेल, तर ५ गिगाहर्ट्झ चालवणारा राउटर आणि लॅपटॉपलाही तोच पट्टा पकडणारा यूएसबी ॲडॅप्टर घ्या. दोन्ही लागतील, एकट्यानं भागत नाही. तिथे गर्दी बरीच कमी असते, पण भिंत ओलांडताना सिग्नल लवकर पडतो, म्हणून राउटर खेळायच्या खोलीतच हवा. तरीही रात्री नऊला ती शंभर उत्तरांची चाचणी घ्याच, आणि Maximum बघूनच जुना राउटर काढायचा का ते ठरवा.