गाडी गेली, कर्ज राहिलं

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय ते हप्ते थकल्यावर फायनान्स कंपनी गाडी ओढून नेते, त्याविषयी. ओढून नेण्याबद्दल थोडं आणि त्यानंतर काय होतं त्याबद्दल जास्त, कारण आपल्याकडे एक समज पक्का आहे: "नेऊ देत गाडी, सुटलो एकदाचे!" तसं सुटता येत नाही. कंपनी गाडी विकते, आलेले पैसे कर्जात वळते करते आणि जे उरतं ते कर्जदाराकडे मागते. कर्जदाराने दिलं नाही तर जामीनदाराकडे. गाडी स्वतःहून नेऊन दिलीत तरी हिशोब हाच. गाडी गेली म्हणजे कर्ज गेलं असं नाही.

आमच्या भाजीवाल्या मावशींच्या मुलाची गोष्ट सांगतो. कर्जावर घेतलेला जुना छोटा हत्ती चालवून तो मार्केट यार्डातून येरवडा, विश्रांतवाडी भागात भाजी पोचवायचा. वडिलांच्या आजारपणात तीन हप्ते थकले. एके दिवशी पहाटे गुलटेकडीला मेथी-कोथिंबीर भरून गाडी गेटबाहेर काढली आणि चार माणसं आडवी आली. "चावी दे."

मावशी शेजारच्या सीटवर होत्या. त्यांनी आरडाओरडा केला नाही. "ओळखपत्र दाखवा. कंपनीचं पत्र दाखवा," म्हणाल्या. दोन्ही निघालं. माल व्यापाऱ्यांचा आहे, तो आधी उतरवू द्या म्हणाल्या, तेही झालं. मग त्या माणसाने जप्तीचा छापील कागद पुढे केला. त्यात टायर, बॅटरी, स्टेपनी, जॅक असे रकाने होते आणि सगळे रिकामे. "सही करा, आम्ही नंतर भरतो." मावशी म्हणाल्या, "नंतर नाही, आत्ता." मुलाकडून त्यांनी एकेक ओळ भरून घेतली: पुढचे दोन टायर नवे, बॅटरी आहे, ताडपत्री आहे, किलोमीटर इतके. खाली दोघांच्या सह्या, एक प्रत आपल्याकडे. मगच चावी दिली.

हा कागद पुढे कामाला आला.

पाच महिन्यांनी दोन लाखांची नोटीस आली, आणि तीही इंग्रजीत. इथे मला थांबून बोलायलाच हवं. कर्जदाराशी पत्रव्यवहार स्थानिक भाषेत किंवा त्याला समजेल अशा भाषेत करावा, असं रिझर्व्ह बँकेनेच फायनान्स कंपन्यांना सांगितलंय. कर्ज विकताना पत्रकं मराठीत आणि वसुलीची नोटीस इंग्रजीत, हे मला अजिबात पटत नाही. गणपती-दिवाळीला "शून्य डाउन पेमेंट"चे फलक चौकाचौकात लागतात, तेही शुद्ध मराठीतच असतात की!

असो. मावशींनी मुलाला कंपनीत पाठवून कर्जखात्याचा पूर्ण उतारा आणि लिलावाचे कागद लेखी मागवले. आकडे सांगतो, सावकाश ऐका. थकलेले हप्ते आणि दंड मिळून ४०,००० रुपये. गाडी ओढण्याचे ६,००० आणि यार्डाचं भाडं, रोज शंभराप्रमाणे चार महिन्यांचं, १२,०००. लिलावात आले १,७०,०००. इथवर ठीक. पण पुढच्या २६ हप्त्यांपोटी कंपनीने ३,१२,००० धरले होते, म्हणजे बारा हजारांचा हप्ता गुणिले सव्वीस. प्रत्यक्षात त्या दिवशी पुढची बाकी मुद्दल होती २,६०,०००. वरचे ५२,००० म्हणजे अजून न आलेल्या महिन्यांचं व्याज! कर्ज मधेच मोडून गाडी विकली, तर त्या महिन्यांचं व्याज कशाचं? विक्रीपर्यंतच्या चार महिन्यांचं व्याज मागता येतं, ते साधारण पंधरा हजार. ते धरून बाकी निघते १,६३,०००. दोन लाख नव्हे.

दुसरी गोष्ट, विकण्याआधी पैसे भरून गाडी सोडवण्याची शेवटची संधी द्यावी लागते. फायनान्स कंपनीच्या करारात ही तरतूद असावी, असं रिझर्व्ह बँकेच्या आचारसंहितेत आहे. कंपनी म्हणाली, नोटीस पाठवली होती. पाठवली होती खरी, पण येरवड्याच्या जुन्या खोलीवर. मुलगा केव्हाच धानोरीला राहायला गेला होता आणि कंपनीचाच माणूस हप्ता न्यायला धानोरीच्या घरी यायचा. त्याने दिलेल्या पावत्यांवर धानोरीचा पत्ता, कंपनीच्या शिक्क्यासकट! हप्ता घ्यायला घर सापडतं आणि नोटीस द्यायला सापडत नाही?

तिसरी गोष्ट किमतीची. विम्यात गाडीची किंमत होती २,८०,०००. विम्याची किंमत म्हणजे बाजारभाव नव्हे, लिलावात कमीच येतात. पण इतके कमी का, म्हणून विचारलं तर मूल्यांकनाच्या कागदावर लिहिलेलं: टायर झिजलेले, बॅटरी नाही. तेव्हा मावशींनी पहाटेचा तो कागद टेबलावर ठेवला. टायर नवे, बॅटरी आहे, खाली कंपनीच्याच माणसाची सही. मग बॅटरी गेली कुठे? यार्डात, दुसरं कुठे!

मुलाने हे तिन्ही मुद्दे लेखी तक्रारीत घातले. बरीच ओढाताण होऊन ९०,००० वर तडजोड झाली, तीही हप्त्यांनी, आणि शेवटचा हप्ता भरल्यावर "काही देणं नाही" असा दाखला मिळाला.

आता कायद्याचं थोडक्यात. करारात लिहिलेलं असेल तर कंपनी कोर्टात न जाता गाडी ताब्यात घेऊ शकते, पण करारातली नोटीस देऊन आणि जबरदस्ती न करता. वसुलीसाठी गुंड वापरता येणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ सालीच सांगितलंय. तुम्ही शांतपणे नकार दिलात तर कंपनीने कोर्टाचा किंवा लवादाचा आदेश आणावा. चावी हिसकावली, मारहाण झाली, तर पोलीस ठाणं गाठा.

लिलावात बाकीपेक्षा जास्त पैसे आले तर वरचे पैसे तुमचे. हे पुन्हा सांगतो, कारण कुणी मागतच नाही: वरचे पैसे तुमचे, लेखी मागा. कमी आले तर तूट कर्जदाराची, आणि जामीनदाराची जबाबदारीही तितकीच. करारात वेगळं लिहिलं नसेल तर कंपनी आधी कर्जदाराकडे न जाता थेट जामीनदाराला धरू शकते. आपल्याकडे मेहुणा म्हणतो म्हणून, साहेब म्हणतात म्हणून न वाचता सही होते. जामिनाची सही ही साक्षीदाराची सही नव्हे हो.

हिशोब पटला नाही तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर बँका आणि मोठ्या फायनान्स कंपन्यांविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, तिला पैसे पडत नाहीत. जिल्हा ग्राहक आयोगही आहे. लवादाची नोटीस आली तर मात्र घरी ठेवून देऊ नका. हजर राहिला नाहीत तर तुमच्या गैरहजेरीत निवाडा होतो आणि मग तो कोर्टाच्या हुकुमासारखा वसूल होतो.

आणि एक, आरसी बुकाचं. गाडी विकली गेली तरी आरटीओत नाव बदलेपर्यंत ती तुमच्याच नावावर दिसते. मावशींच्या मुलाला विक्रीनंतरही सिग्नल तोडल्याची चलनं येत होती. गाडी कधी ताब्यात घेतली, कोणत्या तारखेला विकली आणि कुणाला, हे कंपनीकडून लेखी घ्या आणि त्याची प्रत जोडून आरटीओला आणि वाहतूक पोलिसांना अर्ज द्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.