नंबर सारखा बदलतोय? भिंग जागेवर आहे का ते बघा

नमस्कार मंडळी. मी तालुक्याच्या गावात डोळ्यांची डॉक्टर आहे, आणि आज मोतीबिंदूवर बोलणार नाहीये, त्यावर बोलून बोलून घसा बसलाय. आज एका उंच मुलाची गोष्ट सांगते.

सहावीतला मुलगा, वय अकरा, उंची पाच फूट पाच इंच. आई म्हणाली, "मॅडम, बापावर गेलाय, आमच्याकडे सगळे ताडमाड." हातपाय लांबसडक, बोटं तर इतकी लांब की पेन धरला की बोटं पेनाला वेढा घालून परत येतात की काय असं वाटावं. तक्रार एवढीच की चष्म्याचा नंबर टिकत नाही. दीड वर्षात तीन चष्मे झालेले, प्रत्येक वेळी दुकानात कॉम्प्युटरवर नंबर काढायचा, काच बदलायची आणि घरी मोबाईलवरून शिव्या खायच्या. बिचाऱ्याचा मोबाईल काढून घेतला तरी नंबर वाढतच होता.

आता कबुली देते, पहिल्यांदा आला तेव्हा माझीही चूक झाली. ओपीडीत गर्दी होती, थेंब न टाकता तपासलं, उजव्या डोळ्याला उणे सात आणि सिलेंडर म्हणजे तिरका नंबर उणे साडेचार असा निघाला, चष्मा लावूनही फळ्यावरचं नीट दिसेना, तरी मी लिहून दिलं आणि महिन्याने या म्हटलं. नशीब की आई महिन्याने आली. आणि येता येता म्हणाली, हा एक डोळा झाकतो तरी ट्यूबलाइट दोन दिसतात म्हणतो, खोटं बोलतोय का?

इथे माझे कान टवकारले. दोन्ही डोळे उघडे असताना दोन दिसणं वेगळं, ते तिरळेपणात वगैरे होतं. पण एक डोळा झाकून उरलेल्या एकाच डोळ्याने दोन दिसत असतील तर गडबड त्या डोळ्याच्या आतच आहे.

मग बाहुली मोठी करायचे थेंब टाकले, अर्धा पाऊण तास बाहेर बसवलं, आणि स्लिट लॅम्प म्हणजे डोळे तपासायच्या मायक्रोस्कोपवर हनुवटी टेकवून बघितलं. आपल्या बाहुलीच्या मागे एक पारदर्शक भिंग असतं, जन्मतःच मिळालेलं, जे म्हातारपणी पांढरं झालं की आपण मोतीबिंदू म्हणतो. ते भिंग बाहुलीच्या बरोब्बर मधोमध हवं. याचं सरकून वरती, कानाच्या बाजूला गेलेलं, आणि खालच्या बाजूला त्याची कड चंद्रकोरीसारखी स्पष्ट दिसत होती. कडेपासून ताणलेले पांढरट धागे पण दिसले.

हे धागेच सगळ्या गोष्टीचं मूळ. बाळाची झोळी कशी चारी बाजूंनी ताणून बांधतो, तसं हे भिंग शेकडो बारीक धाग्यांनी चहूबाजूंनी बांधलेलं असतं, आणि हे धागे बनतात फायब्रिलिन नावाच्या प्रथिनापासून. ते प्रथिन बनवणाऱ्या जीनमध्ये बिघाड असला तर धागे कमकुवत होतात, झोळीची एक बाजू सैल पडते आणि भिंग दुसऱ्या बाजूला ओढलं जातं. याच प्रथिनाचा आधार हाडांच्या भोवतीच्या आवरणाला आणि हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमनीच्या भिंतीलाही असतो, म्हणून तेच मूल उंच, लांब बोटांचं असतं आणि धमनीही रुंद होत जाऊ शकते. या आजाराला मार्फान सिंड्रोम म्हणतात, १८९६ साली पॅरिसच्या डॉक्टर आंत्वान मार्फान यांनी पाच वर्षांच्या एका मुलीच्या लांब सडपातळ हाडांचं वर्णन केलं त्यावरून हे नाव. मार्फानच्या निम्म्याहून जास्त पेशंटमध्ये भिंग सरकलेलं सापडतं.

सरकलं की काय होतं? बाहुलीतून येणारा प्रकाश काही भिंगाच्या कडेतून वाकडा जातो, त्यामुळे सिलेंडर नंबर अचानक वाढतो. आणि भिंग जास्त सरकलं तर काही प्रकाश भिंगाशिवायच जातो, मग एकाच डोळ्याला दोन प्रतिमा. म्हणजे मुलगा खरंच बोलत होता. आणि साध्या तपासणीत हे का चुकतं, तर उजेडात बाहुली जेमतेम तीन मिलीमीटरची असते, कड बुबुळाच्या रंगीत पडद्यामागे लपलेली, थेंबांनी सात आठ मिलीमीटर झाली की उघडी पडते. दुकानातलं मशीन फक्त नंबर सांगतं, भिंग कुठंय ते सांगत नाही. थेंबांनंतर काही तास, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत जवळचं धूसर दिसतं आणि ऊन खुपतं, त्या दिवशी होमवर्क नाही झाला तर राहू दे!

थेंब न टाकताही एक खूण कधी कधी दिसते, मूल पटकन नजर फिरवतं तेव्हा बुबुळाचा रंगीत पडदा थरथरतो, मागचा आधार सैल झाल्यामुळे. पण ती दिसली नाही म्हणजे सगळं ठीक असं नाही हां.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. भिंग सरकलेलं प्रत्येक मूल मार्फानचं नसतं. होमोसिस्टिनुरिया नावाचा एक आजार असतो, त्यातही मूल उंच सडपातळ, पण भिंग बहुतेक खाली सरकतं. त्याची रक्ताची टेस्ट असते आणि ती ऑपरेशनच्या आधीच करायला हवी, कारण या मुलांमध्ये भूल दिल्यावर रक्ताच्या गाठी होण्याचा धोका असतो.

या मुलाची ती टेस्ट नॉर्मल आली. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करायला पाठवलं, तर मोठी धमनी मुळाशी रुंद झालेली. हार्टच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, कुस्ती आणि बास्केटबॉल बंद, उंच म्हणून बास्केटबॉलच्या टीममध्ये घेतलेलं होतं हा विनोद बघा. वडिलांचाही इको झाला, त्यांची पण धमनी रुंद निघाली, चाळिशीपर्यंत कुणाला पत्ताच नाही!

ऑपरेशन लगेच केलं नाही. थेंब टाकून नीट नंबर काढून चष्मा दिला, त्याने फळ्यावरचं बऱ्यापैकी दिसायला लागलं. चष्म्याने काम भागत असेल तर भिंग काढायची घाई नको, कारण या मुलांचा डोळ्याच्या मागचा, प्रतिमा पकडणारा पडदा नाजूक असतो आणि सुटण्याचा धोका असतो. पण लहान वयात, विशेषतः सात आठच्या आत, धूसर प्रतिमाच मेंदूकडे जात राहिली तर डोळा आळशी होतो, मग नंतर भिंग बदलूनही पूर्ण नजर येत नाही. म्हणून त्याला दर सहा महिन्यांनी बोलावते, दर वेळी थेंब टाकून, भिंग किती सरकलं, डोळ्याचं प्रेशर किती, पडदा ठीक आहे ना, सगळं.

आईला दोन गोष्टी पाठ करायला लावल्यात. डोळा अचानक लाल, जबरदस्त दुखणं, उलटी, धूसर दिसणं, म्हणजे भिंग पुढे येऊन डोळ्यातल्या पाण्याची वाट अडली असेल, त्याच दिवशी यायचं, रात्र असली तरी. आणि चमका, काळे ठिपके किंवा कडेने पडदा पडल्यासारखं वाटलं, तरी त्याच दिवशी.

मागच्या वेळी ती धाकटीला घेऊन आली, पाच वर्षांची, वर्गात सगळ्यात उंच. ती म्हणते मला छान दिसतं, चष्मा नको. तिला शनिवारी थेंब टाकायला बोलावलंय.