नोटिशीतले शॉर्टफॉर्म उलगडताना अंदाज कुठे आणि खात्री कुठे, ते लिहा

नमस्कार मंडळी. भाषांतरावरच्या व्हिडिओंखाली एक प्रश्न सारखा येतोय, की सरकारी नोटीस मराठीत आणताना त्यातल्या शॉर्टफॉर्मचं करायचं काय, तसेच ठेवायचे का फुलफॉर्म लिहायचा. बेसिक भाग पटकन उरकते. पहिल्यांदा येईल तिथे फुलफॉर्म लिहायचा, पुढे शॉर्टफॉर्म चालतो. नोटिशीतच कुठे अर्थ दिला असेल, आणि तो बरेचदा शेवटी अटींमध्ये दडलेला असतो म्हणून आधी पूर्ण नोटीस वाचायची, तर तोच घ्यायचा. झालं. खरी अडचण येते ती अर्थ कुठेच दिलेला नसतो तेव्हा.

एक नमुना नोटीस घेऊ, उदाहरणासाठी मीच बनवलीये. एका कार्यालयाला सामान पुरवायचंय त्याबद्दलची, मूळ इंग्रजीत. तिच्यात ‘पीओ’ चार ठिकाणी आलाय. वर पत्त्यात ‘पीओ बॉक्स’ आणि पुढे नंबर. मग ‘पीओच्या तारखेपासून 30 दिवसांत माल पोचवावा’. मग ‘पीओमधल्या दरात बदल होणार नाही’. आणि शेवटी ‘हरकती पीओकडे लेखी द्याव्यात’.

आता बरेच जण काय करतात, पहिला फुलफॉर्म सुचला की फाइंड-रिप्लेस मारून सगळीकडे तोच टाकतात. तसं न करता एकेक वाक्य धरायचं आणि विचारायचं, इथे पीओ म्हणजे माणूस, कागद का जागा? पत्त्यातला पीओ म्हणजे पोस्ट ऑफिस, तिथे प्रश्नच नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यातल्या पीओला तारीख आहे, आत दर लिहिलेत, म्हणजे तो कागद आहे, आणि माल पुरवण्याचा विषय चाललाय तर तो परचेस ऑर्डर, खरेदी आदेश. इथे मी बिनधास्त लिहीन. पण हरकती कोणी खरेदी आदेशाकडे देत नाही ना! तिथे माणूस किंवा पद हवं. मग प्रोजेक्ट ऑफिसर? प्रोक्युअरमेंट ऑफिसर? प्रोग्राम ऑफिसर? तिन्ही वाक्यात छान बसतात, आणि घोळ इथेच होतो, कारण बसलं की आपल्याला वाटतं सापडलं. वाक्यात बसतंय एवढ्यावरून चुकीचे अर्थ बाद करता येतात, बरोबर कुठला ते सिद्ध होत नाही.

मग शोधायचं कुठे? नोटिशीच्या वर संदर्भ म्हणून नियमाचा किंवा करारपत्राचा क्रमांक असतो, तो कागद मिळवायचा, त्याच्या व्याख्यांमध्ये बरेचदा उत्तर असतं. त्याच कार्यालयाच्या जुन्या नोटिसा बघायच्या. इंटरनेटवरच्या फुलफॉर्मच्या याद्या मी फक्त कुठले अर्थ शक्य आहेत ते कळायला वापरते, पुरावा म्हणून नाही, कारण त्या यादीला तुमचं कार्यालय माहितीच नसतं. आणि सही बघायची. आपल्या नमुन्यात सहीखाली ‘प्रोक्युअरमेंट ऑफिसर’ असं पूर्ण पद आहे. वाटतं, मिटलं. पण थांबा, सही करणारा आणि हरकती घेणारा एकच असेल असं नोटीस कुठे म्हणतेय? वजन त्या बाजूला झुकलं एवढंच. त्यामुळे मी असं लिहीन:

‘हरकती पीओ [बहुधा प्रोक्युअरमेंट ऑफिसर, म्हणजे खरेदी अधिकारी, सहीखालच्या पदावरून, मूळ नोटिशीत पूर्ण रूप नाही] यांच्याकडे लेखी द्याव्यात.’

यात बघा काय काय आहे. कंस चौकोनी आहे, कारण गोल कंस मूळ नोटिशीतही असतात आणि वाचणाऱ्याला कळायला हवं की ही भर भाषांतर करणाऱ्याची आहे. ‘बहुधा’ आहे, आणि बहुधा का, तेही आहे. नुसतं प्रश्नचिन्ह टाकलं तर नेमकी शंका कशाची तेच समजत नाही. सहीखालीही काही नसतं तर मी तिन्हीतला एकही निवडला नसता, ‘[अधिकाऱ्याचं पद, नेमकं कुठलं ते मूळ नोटिशीवरून ठरत नाही]’ असं लिहिलं असतं. हा अधिकारी आहे एवढं पक्कं आहे, मग तेवढं पक्कं म्हणून सांगा, उरलेलं अनिश्चित म्हणून सांगा.

आणि आता ती गोष्ट, जिच्यावरून मी कमेंट्समध्ये कायम भांडत असते: मूळ शॉर्टफॉर्म खाऊन टाकू नका! वाक्यात ‘पीओ’ राहिलाच पाहिजे, अंदाज कंसात. उलटं नाही. एकीने लिहिलंय, ‘ताई, वाचणाऱ्याला सोपं पडावं म्हणून आम्ही थेट खरेदी अधिकारी लिहितो.’ अगं, पण तो माणूस हरकत घेऊन कार्यालयात जाणार, तिथे दारावर पाटी ‘पीओ’ अशी असेल, आणि तुझ्या कागदावर ती अक्षरंच नाहीत. आठवड्याने शुद्धिपत्रक निघालं, ‘पीओऐवजी अमुक अधिकारी वाचावे’, तर तुझ्या भाषांतरात ते लावायचं कुठे? आणि तुझं काम तपासणाऱ्याला दिसणार फक्त ‘खरेदी अधिकारी’, त्याला वाटणार मूळातच तसं आहे, तो पुढे तेच वापरणार, आणि तुझा अंदाज तिसऱ्या कागदावर जाईपर्यंत सरकारी माहिती होऊन बसणार. अक्षरं ठेवली तर या तिन्ही ठिकाणी वाट मोकळी राहते.

एकाने विचारलंय, नोटीस आधीच एका भाषेतून इंग्रजीत आलेली असेल तर? चांगला प्रश्न आहे, कारण तिथे अक्षरंच फसवतात. फ्रेंच किंवा स्पॅनिश नोटिशीतला ‘ओएमएस’ इंग्रजी मसुद्यात तसाच राहून गेला, तर तुम्ही इंग्रजी शब्द जुळवत बसाल आणि काहीतरी जुळेलही, पण ती आपली जागतिक आरोग्य संघटना, जिला इंग्रजीत डब्ल्यूएचओ म्हणतात. फ्रेंचमधला ‘ओटान’ म्हणजे नाटो, तेही तसंच. विषय आरोग्याचा आहे आणि अक्षरांतून निघणारा इंग्रजी अर्थ भलताच आहे, असं दिसलं की मूळ भाषा कुठली ते आधी विचारा. पण अक्षरं जुळत नाहीत म्हणून अर्थ चूक, असंही नसतं हां. ‘यूटीसी’ बघा, इंग्रजी शब्दक्रमाने सीयूटी व्हायला हवं होतं, फ्रेंचने टीयूसी, म्हणून सगळ्या भाषांसाठी एकच तिसरा क्रम ठरवला. त्याचा समन्वित जागतिक वेळ हा अर्थ पक्का आहे, तिथे ‘बहुधा’ लिहायची गरज नाही. जिथे पक्कं आहे तिथे उगाच शंका दाखवली तर खऱ्या शंकेकडेही कोणी बघत नाही.

शेवटची कमेंट, आणि ही बऱ्याच जणांची आहे: ‘क्लायंट म्हणतो कंसांनी कागद घाण दिसतो, काढून टाका.’ वाक्यातले लांब कंस काढा, चालेल. ‘पीओ’ला छोटा आकडा द्या आणि शेवटी तक्ता जोडा: शॉर्टफॉर्म, कुठल्या परिच्छेदात, फुलफॉर्म, कशावरून, आणि पक्का का संभाव्य. आपल्या नमुन्यात पीओच्याच तीन ओळी होतील, कारण अर्थ तीन आहेत. तक्त्यावर ‘अनुवादकाची टीप, मूळ नोटिशीचा भाग नाही’ असं लिहा. आणि क्लायंटला तो तक्ताही नको असेल, तर ते त्याच्याकडून लेखी घ्या, आणि हरकतीच्या वाक्यात नुसतं ‘पीओ’ ठेवून द्या, फुलफॉर्मशिवाय.