रिझ्युमेच्या व्हिडिओची पाटी

(कोल्हापुरात व्हिडिओ बनवणाऱ्या शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, मागच्या वर्षी मी यूट्यूबवर बारा मिनिटांचा एक व्हिडिओ टाकला. शीर्षक दिलं, ‘नाद खुळा रिझ्युमे! संपूर्ण माहिती’. आपल्या गावात शोभलं. पण मेकॅनिकल डिप्लोमा झालेला, शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावला पहिली नोकरी शोधणारा पोरगा असलं काही टाइप करतो का? तो टाइप करतो ‘फ्रेशर रिझ्युमे फॉरमॅट’.

मग शीर्षक बदललं: ‘फ्रेशर रिझ्युमे फॉरमॅट मराठीत: एक पान, पाच चुका’. शीर्षकाला शंभर अक्षरांची मर्यादा आहे, पण मोबाइलवर त्याच्या आधीच ते कापलं जातं. म्हणून शोधाचा शब्द पहिला आणि सजावट मागे.

वर्णनाचंही तसंच. ‘आणखी’वर बोट ठेवण्याआधी दोनेक ओळीच दिसतात. मी तिथं चॅनेलचं कौतुक लिहून ठेवलं होतं! आता पहिली ओळ अशी आहे: ‘अनुभव नसेल तर शिक्षण वर, त्याखाली प्रोजेक्ट आणि इंटर्नशिप, मग कौशल्यं, सगळं एका पानात.’ दुसऱ्या ओळीत चुका, त्याही नावानिशी: लग्नाच्या बायोडाटासारखी धर्म-जात-वडिलांचा व्यवसाय ही माहिती, कुठून तरी उचललेलं ‘ऑब्जेक्टिव्ह’, लाडाच्या नावाचा ईमेल, पुराव्याशिवाय ‘टीमवर्क’, आणि `final2.pdf` असं फाइलचं नाव. ‘सामान्य चुका टाळा’ एवढंच लिहिलं असतं, तर आपली चूक त्यात आहे हे पोराला कळलंच नसतं.

खरी गंमत चॅप्टर्समध्ये झाली. मी वर्णनात वेळा लिहिल्या, पण व्हिडिओच्या पट्टीवर तुकडे काही पडेनात. कारण शोधलं तर पहिली वेळ `00:20` होती. सुरुवातीची नमस्कार-चमत्काराची वीस सेकंदं मी सोडून दिली होती. पहिली वेळ `00:00`च लागते, चढत्या क्रमाने किमान तीन वेळा लिहाव्या लागतात आणि प्रत्येक तुकडा निदान दहा सेकंदांचा हवा. दुरुस्त केल्यावर असं झालं:

```
00:00 बायोडाटा आणि रिझ्युमे
01:30 एका पानाचा फॉरमॅट
03:40 शिक्षण
05:10 प्रोजेक्ट आणि इंटर्नशिप
08:00 कौशल्यं: पुरावा कसा द्यावा
10:15 ईमेल आणि फाइलचं नाव
```

ही यादी लिहिताना माझ्या लक्षात आलं, की शीर्षकात पाच चुका म्हटल्या आणि व्हिडिओत बोललो चारच. ‘ऑब्जेक्टिव्ह’चा भाग संपादनात उडाला होता. शीर्षकातला आकडा चार केला आणि वर्णनातून तो शब्द काढला. पाटीवर मिसळ आणि आत पोहे, असं झालं तर माणूस पहिल्या मिनिटातच उठून जातो.

टॅगवर मात्र तासभर घालवू नका. शोधात त्यांचा वाटा फार थोडा. लोक `resume` ऐवजी `rezume` टाइप करतात, तेवढ्यापुरते ते कामाचे.